कच्चे टिपण आणि पक्की नोंद

दुकानात कच्ची वही आणि पक्की वही अशा दोन वह्या का ठेवतात, हे आपल्या वाचकांस समजावून सांगण्याची गरज नाही. गिऱ्हाईक समोर उभे असता जे घाईघाईने खरडले जाते ते कच्च्या वहीत, आणि तोच मजकूर निवांतपणे पक्क्या वहीत. कच्ची वही ज्याची त्याला कळली म्हणजे पुरे. पक्की वही मात्र मुलाला, मुनिमाला आणि प्रसंग आलाच तर न्यायाधीशालाही कळली पाहिजे. आम्ही ज्या कामात काही वर्षे घालवली ते काम असेच आहे. फरक एवढाच की, तेथे वहीऐवजी पडदा आणि गिऱ्हाइकाऐवजी फोनवरचा आवाज.

आम्ही वीज-तक्रारींच्या एका केंद्रात होतो. तीन पाळ्यांत तेथे मुले-मुली फोन घेत. आपल्याही घरांतली कितीतरी मुले आज अशा कॉल सेंटरांत नोकरीस आहेत. ती घरी येऊन काय काम केले ते नीटसे सांगत नाहीत, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. एक फोन तीन-चार मिनिटे चालतो. तो संपला की टिपण पुरे करावयास मिनिटभर मिळते, आणि तेवढ्यात पुढचा फोन वाजू लागतो. बोलणाऱ्याचे ऐकावयाचे, त्याला धीर द्यावयाचा, ग्राहक क्रमांक शोधावयाचा आणि त्याच वेळी बोटांनी लिहावयाचे. अशा स्थितीत टिपण तुटक होणारच. त्याला आळस म्हणणे अन्यायाचे होईल. आमचे काम होते ती टिपणे नंतर वाचून, त्यांतील काही पुन्हा पुरती लिहून काढण्याचे. म्हणजे दुसऱ्या पाळीतल्या किंवा महिन्याभराने आलेल्या माणसालाही ती कोणाला न विचारता समजावीत.

हे काम म्हणजे केवळ लघुरूपांचे दीर्घरूप करणे, असे आम्हांसही आरंभी वाटत असे. तो समज एका टिपणाने घालवला. जूनच्या आरंभीची रात्र, पहिल्या पावसाची. रात्रपाळीच्या एका हुशार मुलीने पुढील दोन ओळी लिहिल्या होत्या:

```
2140 keri. pole lt nr ghumti, rain.
cx adv. ref jr. cb 2200 - nr. dc
```

तिच्या मनात याचा अर्थ असा होता : रात्री ९ वाजून ४० मिनिटे, केरी गाव, घुमटीजवळचा खांबावरचा दिवा, पाऊस, ग्राहकाला सूचना दिली, कनिष्ठ अभियंत्याकडे पाठवले, दहा वाजता उलट फोन केला, उत्तर नाही, फोन तुटला. ‘nr’ ही दोन अक्षरे पहिल्या ओळीत ‘जवळ’ या अर्थी आणि दुसऱ्या ओळीत ‘उत्तर नाही’ या अर्थी आली आहेत, हे तिच्या ध्यानातही नव्हते. लिहिणाऱ्याच्या ते कधीच ध्यानात येत नाही. कारण त्याच्या कानात फोनवरचा आवाज अजून घुमत असतो.

सकाळी सहाच्या पाळीवर दुसरा सहकारी आला. तो पूर्वी उपकेंद्रात काम केलेला. उपकेंद्रातल्या माणसाला ‘cb’ म्हणजे सर्किट ब्रेकर, वाहिनीचा प्रवाह तोडणारे मोठे बटण. ‘nr’ म्हणजे पूर्ववत केले नाही. ‘dc’ म्हणजे पुरवठा तोडला. त्याने सरळ वाचले की, रात्री दहा वाजता ब्रेकर पडला, पुन्हा चढवला नाही आणि पुरवठा बंद आहे. वाचकांनी येथे थोडे थांबावे. तिन्ही लघुरूपे त्याने चुकीची वाचली, तरी त्यांतून निघालेले वाक्य पूर्ण सुसंगत होते. एक शब्द चुकला असता तर वाक्य खटकले असते. येथे तिन्ही चुका एकमेकींना आधार देत होत्या, म्हणून खटकले काहीच नाही.

सव्वासहाच्या सुमारास त्याच भागातून एका शेजाऱ्याचा फोन आला. रात्री फांदी पडून तार पायवाटेवर खाली आली आहे, मुले शाळेस जावयाची आहेत, आम्ही ती फांदी ओढून बाजूला करू का, असे तो विचारत होता. सहकाऱ्याने पडद्याकडे पाहून सांगितले की, रात्री दहापासून प्रवाह बंद आहे. पलीकडचा गृहस्थ क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, “बंद म्हणतात, मग माझ्या घरातलो पंखो कसो फिरता?”

त्या पंख्याने त्या सकाळी आम्हांस वाचवले. सहकाऱ्याने तारेजवळ कोणासही जाऊ देऊ नका असे बजावले, उपकेंद्रास फोन करून वाहिनी बंद करवली आणि लाइनमन रवाना झाला. कोणास इजा झाली नाही. नऊ वाजता रात्रपाळीच्या मुलीला घरून बोलावून आम्ही तिच्याबरोबर त्या दोन ओळी घेऊन बसलो.

प्रथम ध्वनिमुद्रण ऐकले. अशा केंद्रांतून फोन मुद्रित होतात. ते काही ठरावीक मुदतीपर्यंतच ठेवले जातात, म्हणून फेरलेखन लांबणीवर टाकून चालत नाही. टिपणातील पहिली चूक तेथेच सापडली, आणि ती लघुरूपाची नव्हती. बोलणारा म्हणाला होता, “खांब्यार उजो दिसता.” मुलगी घाटावरची. तिने ‘उजो’ हा ‘उजेड’ समजला आणि खांबावरचा दिवा असे लिहिले. पेडण्यापासून डिचोलीपर्यंत कोणतीही आजी सांगेल की, ‘उजो’ म्हणजे विस्तव. उजेडाला ‘उजवाड’ म्हणतात. खांबावर ठिणग्या उडत होत्या, आणि तक्रार रस्त्यावरच्या दिव्यांच्या सदरात, म्हणजे सावकाशीच्या रांगेत, जाऊन बसली होती. आम्ही जर मुद्रण न ऐकता ‘lt’चा ‘लाइट’ करून सुंदर वाक्य लिहिले असते, तर ती चूक अधिकच पक्की झाली असती. तंत्रज्ञाने वाचले असते तर त्याने ‘lt’ म्हणजे कमी दाबाची वाहिनी असे घेतले असते. तेही चूकच, कारण ठिणग्या उच्च दाबाच्या वाहिनीवर होत्या. यावरून आम्ही एक रीत घालून घेतली. ग्राहकाने जे पाहिले किंवा ऐकले, ते प्रथम त्याच्याच शब्दांत, त्याच्याच बोलीत लिहावयाचे. आपला अर्थ त्यापुढे निराळा द्यावयाचा.

दुसरा प्रश्न केरीचा. आपल्या गोव्यात केरी एकाहून अधिक आहेत. एक पेडणे तालुक्यात, तेरेखोल नदीच्या मुखाशी, समुद्राकाठी. दुसरी सत्तरीत, चोर्ला घाटाच्या पायथ्याशी. एकीकडून दुसरीकडे जावयाचे तर वाटेत पेडणे, बार्देश, डिचोली हा मुलूख ओलांडावा लागतो. रात्री पावसात लाइनमनची गाडी भलत्या केरीला गेली, तर जाण्यायेण्यातच रात्र सरते. ग्राहक क्रमांकावरून ठिकाण कळेल असे वाटते. परंतु पुष्कळदा फोन करणारा शेजारी असतो, किंवा सांगितलेला क्रमांक दुसऱ्या घराचा असतो. मीटर तर सर्रास आजोबांच्या नावे, आणि आजोबा वारून वीस वर्षे झालेली. आमच्यापैकी एकाने तर्क केला की, ही समुद्राकाठचीच केरी असणार. उन्हाळाभर खाऱ्या वाऱ्याने चिनीमातीच्या इन्सुलेटरवर मीठ आणि धूळ बसते. पहिल्या रिमझिम पावसाने तो थर ओला झाला की त्यावरून वीज वाहू लागते आणि ठिणग्या पडतात. जोराचा पाऊस तो थर धुऊन काढतो, नुसती भुरभुर मात्र तो भिजवून ठेवते. तर्क शास्त्रशुद्ध होता आणि पुढे खराही ठरला. तरी तो नोंदीत घातला नाही. मुद्रण पुन्हा ऐकले तेव्हा ‘तेरेखोलच्या फेरीकडे जाताना’ हे शब्द सापडले, आणि मग गाव लिहिले.

तिसरी गोष्ट ‘ref jr’ या दोन शब्दांची. त्यांवरून वाटते की, अभियंत्यास कळवले. केंद्रातून बाहेर गेलेल्या फोनचेही मुद्रण असते. ते ऐकल्यावर समजले की, फोन पाळीवरच्या मदतनीसाने घेतला होता आणि ‘साहेबांना सांगतो’ म्हणाला होता. साहेबांना निरोप पोचला की नाही, हे कोणासच ठाऊक नव्हते. मुलीने खोटे लिहिले नव्हते. तिच्या दृष्टीने तिचे काम झाले होते. परंतु ‘सांगितले’ आणि ‘पोचले’ यांमधली जागा कोरी होती, आणि दोन शब्दांच्या लघुरूपाने ती झाकली गेली.

चौथी ‘dc’. मुलगी म्हणाली की, पहिला फोन बोलता बोलता मध्येच तुटला होता. ते लिहावयाचे राहिले, म्हणून आठवण झाली तेव्हा शेवटी लिहिले. म्हणजे टिपणातला क्रम हा घटनांचा क्रम नव्हता. हे फार वेळा घडते. यासाठी फेरलेखन करताना टिपणाचा क्रम सोडून द्यावा आणि यंत्राने नोंदलेल्या वेळांवरून मजकूर पुन्हा लावून घ्यावा. यंत्राची वेळ आणि माणसाने लिहिलेली वेळ यांत फरक असेल, तर दोन्ही लिहाव्यात.

आता आमची फेरनोंद पाहा. मूळ इंग्रजीत होती, येथे मराठीत देतो.

“फोन रात्री ९.४० वाजता आला. बोलणे पुरे होण्यापूर्वी तुटला. बोलणारे हे मीटर ज्यांच्या नावे आहे त्यांचे नातू. उलट फोन त्यांच्या स्वतःच्या मोबाइलवर करावा. ठिकाण : केरी, तालुका पेडणे, तेरेखोल फेरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर घुमटीजवळचा खांब. खांबाचा क्रमांक विचारला गेला नाही. त्यांचे शब्द : ‘खांब्यार उजो दिसता.’ अर्थ : खांबावर विस्तव अथवा ठिणग्या दिसत आहेत. पाऊस चालू होता. तार पडली आहे काय, हे विचारले गेले नाही. ग्राहकास ‘खांबापासून दूर राहा’ एवढे सांगितले. ९.४६ वाजता पाळीवरील मदतनीसास फोनवर कळवले. तो कनिष्ठ अभियंत्यास सांगतो म्हणाला. अभियंत्यास निरोप पोचल्याची नोंद नाही. तक्रार चुकून रस्त्यावरच्या दिव्यांच्या सदरात घातली गेली. १०.०० वाजता ग्राहकास उलट फोन केला. घंटा वाजली, कोणी उचलला नाही. पुन्हा प्रयत्न केलेला नाही. पुरवठा बंद केल्याची नोंद नाही; तो चालू आहे असे समजावे. वरील मजकूर ध्वनिमुद्रणावरून; फोन तुटल्यामुळेच ‘dc’ लिहिले, एवढे रात्रपाळीच्या सहकारिणीच्या सांगण्यावरून. फेरलेखन दुसऱ्या दिवशी सकाळी ९.३० वाजता. मूळ टिपण खाली जसेच्या तसे ठेवले आहे.”

या नोंदीत ‘विचारले गेले नाही’ आणि ‘नोंद नाही’ अशी वाक्ये पुन्हा पुन्हा आली आहेत. नव्या तपासनीसास ही वाक्ये लिहिताना संकोच वाटतो. आपल्या केंद्राची उणीव आपणच कशाला लिहावी, असे त्याला वाटते. पण दुसऱ्या दिवशी फोन घेणाऱ्याला सर्वांत अधिक उपयोग याच वाक्यांचा होतो. पुढचा फोन आल्याबरोबर काय विचारावयाचे, ते त्याला आयते मिळते. कोरी जागा कोरी दिसली तर माणूस ती भरतो. गुळगुळीत वाक्याने झाकली तर ती तशीच राहते.

आणखी एक मोह असा की, पुढे जे समजले ते मागच्या नोंदीत घालावयाचे. दुपारी लाइनमनने कळवले की, इन्सुलेटर तडकला होता आणि पहाटे फांदीही पडली होती. लगेच एका सहकाऱ्याने ९.४० च्या नोंदीत ‘इन्सुलेटर बिघडल्याची तक्रार’ असे मथळ्यात लिहून टाकले. ते आम्ही काढावयास लावले. रात्री ९.४० ला कोणालाही इन्सुलेटरचे ठाऊक नव्हते. तसे लिहिले तर उद्या वाचणारा म्हणेल की, इन्सुलेटर तडकल्याचे कळूनही यांनी रात्रभर गाडी पाठवली नाही. दुपारची माहिती दुपारच्या वेळेने, निराळी लिहावी. जुन्या मोडी दफ्तरात मागाहूनचा मजकूर मूळ मजकुरात मिसळला गेला की संशोधकांची कशी त्रेधा उडते, हे त्या क्षेत्रातली मंडळी जाणतात. आमची दफ्तरे तेवढी मोलाची नव्हेत, पण घोटाळा तोच.

विशेषणांविषयीही थोडे लिहिले पाहिजे. डिचोली तालुक्यातल्या मये गावाहून आलेल्या एका फोनचे टिपण एवढेच होते:

```
cx irate, 3rd time. no sup.
```

म्हणजे ग्राहक संतापलेला, तिसरी वेळ, पुरवठा नाही. मुद्रण ऐकले. गृहस्थ संतापले होते हे खरे. पण त्यांनी सांगितले होते की, घरी आईला प्राणवायूचे यंत्र लावलेले आहे आणि बॅटरी रात्रीपर्यंतच पुरेल. पुढच्या माणसाने ‘संतापलेला’ एवढे वाचले, तर तो फोन उचलताना स्वतःला सावरून बसेल. यंत्राचे मात्र त्याला कळणार नाही. म्हणून फेरलेखनात माणसाच्या स्वभावाचे वर्णन आम्ही खोडतो आणि त्या जागी त्याने काय सांगितले ते लिहितो : दोन दिवसांत तिसरा फोन, पहिल्या दोन्ही वेळी संध्याकाळपर्यंत होईल असे सांगितले गेले, झाले नाही, घरी प्राणवायूचे यंत्र, बॅटरी रात्रीपर्यंत. घरातल्या दुखण्याचे नाव मात्र लिहीत नाही. लाइनमनला त्याचे कारण नाही, आणि ते नाव पडद्यावर अनेकांच्या नजरेस पडते.

सर्वच टिपणे अशी लिहून काढणे शक्य नसते. १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले. झाडे आणि खांब कोसळले आणि कितीतरी गावे अंधारात होती. अशा दिवशी फोन घेणाऱ्याला श्वास घ्यावयास उसंत नसते, मग फेरलेखन कोण करणार? आमचा क्रम असा असे : जीविताच्या भीतीचे टिपण प्रथम, मग जे प्रकरण या पाळीत मिटले नाही व पुढच्या पाळीच्या गळ्यात जावयाचे आहे ते, मग एकाच घरून दुसऱ्यांदा आलेले. फ्यूज बदलला, वीज आली, ग्राहकाने होकार दिला, एवढे असेल तर ते टिपण तुटकच राहू द्यावे. एका पुरत्या फेरलेखनास, मुद्रण ऐकण्यासह, आम्हांस पंधरा-वीस मिनिटे लागत. कोणी पाच मिनिटांत करून आणले तर त्याने मुद्रण ऐकलेले नाही, असे खुशाल समजावे. मुद्रण अस्पष्ट निघाले आणि लिहिणारीही नोकरी सोडून गेली, तर फेरलेखन करूच नये. मूळ टिपणाखाली ‘अर्थ निश्चित नाही, ग्राहकास पुन्हा विचारावे’ एवढे लिहून फोन करावा.

फेरनोंद वाचता येते की नाही, हे कसे ओळखावे? आम्ही ती प्रकरणाशी संबंध नसलेल्या सहकाऱ्याच्या हाती देत असू आणि तीन प्रश्न विचारत असू : गाडी कोठे पाठवशील, तेथे आता काय धोका आहे असे समजशील, आणि पहिला फोन कोणाला करशील? त्याने उत्तर देण्यापूर्वी आमच्याकडे पाहिले की नोंद परत आमच्या टेबलावर.

त्या केरीच्या प्रकरणानंतर लघुरूपे साफ बंद करावीत, असे वरून सुचवण्यात आले. आम्ही त्याला विरोध केला. अमेरिकेत रुग्णालयांची तपासणी करणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेने २००४ साली घातक लघुरूपांची एक छोटी यादी काढली. तीत इन्सुलिनच्या मात्रेपुढे ‘युनिट’ शब्दाऐवजी एकच ‘यू’ अक्षर लिहिण्यास मनाई आहे. कारण घाईने लिहिलेला तो ‘यू’ शून्यासारखा दिसतो आणि चाराच्या जागी चाळीस दिले जातात. सगळीच लघुरूपे त्यांनी बंद केली नाहीत. आम्हीही ज्यांचे आमच्या कामात दोन अर्थ होतात तेवढीच सहा निवडली : ‘cb’, ‘nr’, ‘dc’, ‘lt’, ‘adv’ आणि ‘ref’. पहिल्या चारांच्या जागी पुरा शब्द, ‘adv’च्या जागी सांगितलेले वाक्य, आणि ‘ref’च्या जागी ज्याने फोन प्रत्यक्ष घेतला त्याचे पद आणि वेळ. ‘cx’ राहू दिले. ग्राहकाखेरीज त्याचा दुसरा अर्थ कोणी काढलेला आम्ही पाहिला नाही.

गावांच्या नावांची यादी मात्र अजून वाढतेच आहे. केरीपुढे तालुका लिहावयाचा हे ठरले. साळ म्हटले तर डिचोलीतले गाव की दक्षिणेतल्या साळ नदीचा काठ, हेही ठरले. पेडणे आणि डिचोली ही तर शहरांचीही नावे आणि तालुक्यांचीही. देऊळवाडा म्हणाल तर तो गावोगाव. जानेवारी २०२३ मध्ये मोप्याहून विमाने उडू लागली, तेव्हापासून ‘mopa’ एवढेच लिहिले तर गाव की विमानतळ, हा नवा प्रश्न उभा राहिला. रात्रपाळीच्या त्याच मुलीने तो प्रथम आमच्या नजरेस आणला, आणि यादीत त्यापुढचा शेरा तिच्याच हातचा आहे : “विचारा : धावपट्टीपाशी की देवळापाशी?”